तूतुकुडीच्या वर्गात मिठाचा पाठ

सहावीच्या विज्ञानाचं एक मराठी पाठ टाचण घेऊ. विषय मिश्रणातले घटक वेगळे करण्याचा आणि त्यातली पद्धत बाष्पीभवनाची. उद्दिष्ट एका ओळीत लिहिलेलं असतं : द्रावणातलं पाणी वाफ होऊन निघून जातं, विरघळलेला पदार्थ मागे राहतो, हे विद्यार्थी प्रयोगाने दाखवील. साहित्यात स्पिरिटचा दिवा, बाष्पनपात्र, मीठ आणि पाणी. उदाहरणं म्हणून दोरीवरचे ओले कपडे, भांडुप-उरणकडची मिठागरं आणि कोल्हापूरचं गुऱ्हाळ. जाता जाता शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचा उल्लेख. घेण्याची वेळ दिवाळीच्या सुट्टीनंतर. अशी टाचणं आपल्याकडे अनेक शिक्षकांनी मेहनतीने तयार केलेली आहेत.

हेच टाचण तमिळनाडूत, तूतुकुडी आणि रामनाथपुरमच्या मधल्या किनारपट्टीवरच्या एखाद्या सरकारी उच्च प्राथमिक शाळेत तमिळमधून वापरायचं ठरलं, तर नेमकं काय काय करावं लागतं ते पाहू. बहुतेक जण आधी शब्द बदलायला बसतात. माझं मत असं की शब्दांना सगळ्यात शेवटी हात लावावा. आधी पाहायचं ते एवढंच, की हा प्रयोग त्या गावात, त्या महिन्यात होतो का?

दिवाळीनंतर आपल्याकडे आकाश निवळतं, हवा कोरडी होते. नाशिकला किंवा सोलापूरला ताटलीत ठेवलेलं मिठाचं पाणी दुपारपर्यंत सुकतं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मात्र दिवाळी येते ती पावसाच्या तोंडावर किंवा भर पावसात. त्यांच्या पंचांगातले ऐप्पसी आणि कार्तिगै हे महिने, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ, हा तिथला खरा पावसाळा. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून येतात आणि राज्याच्या वर्षभराच्या पावसातला जवळजवळ निम्मा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. चेन्नईच्या किनाऱ्यावर तर निम्म्याहून जास्त.

त्या दिवसांत प्रयोग लांबतो, एवढंच नव्हे तर तो पुराच होत नाही. मिठाचा एक गुणधर्म इथे आडवा येतो. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून घेतं आणि ओलं होतं. म्हणजे नोव्हेंबरच्या ढगाळ दिवशी तूतुकुडीच्या वर्गात ठेवलेली ताटली आठवडाभर ठेवली तरी तळाशी खारट ओल तशीच राहील. मुलं पाहतील ते खरंच असेल, पण टाचणात लिहिलेल्या निष्कर्षाच्या उलट असेल. शिक्षिकेला वाटेल आपलं काहीतरी चुकलं. चूक तिची नसते, टाचणातल्या तारखेची असते.

म्हणून पहिला बदल वेळेचा. तमिळनाडूत सहावी-सातवीची पुस्तकं तीन सत्रांत विभागलेली असतात. पहिलं सत्र जूनपासून सप्टेंबरपर्यंत, दुसरं डिसेंबरपर्यंत आणि तिसरं जानेवारीनंतर. हा प्रयोग दुसऱ्या सत्रात अजिबात ठेवू नये. पहिल्या किंवा तिसऱ्या सत्रात ठेवावा, आणि निवड करता येत असेल तर जुलै-ऑगस्ट सर्वांत चांगला. आपल्याला हे विचित्र वाटेल, कारण आपला जुलै म्हणजे बाहेर ठेवलेला रुमालही न वाळणारा महिना. पण तिथे तो त्यांचा आडी महिना. पश्चिम घाटाच्या या बाजूला पाऊस सांडून गेलेला वारा घाटाच्या खिंडींतून कोरडा होऊन पलीकडे उतरतो आणि दक्षिण तमिळनाडूत नुसता घोंगावत असतो. मुप्पंदलच्या परिसरात पवनचक्क्यांचं रान उभं राहिलं ते याच वाऱ्यावर. आडीतला वारा तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. बाष्पीभवन वाऱ्याने वाढतं हा मुद्दा आपल्या टाचणात एका ओळीत उरकलेला असतो, कारण आपल्याकडे तो दाखवायला सोयीचा ऋतू नसतो. तमिळ टाचणात त्याला स्वतंत्र ताटली द्यायला हवी.

आता प्रयोग. स्पिरिटचा दिवा आणि बाष्पनपात्र छोट्या शाळेत मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी पाणी उकळवून मीठ काढलं की मुलांच्या मनात पाणी वाफ व्हायला जाळ लागतोच हे पक्कं बसतं. ज्या गावाच्या शिवेवर जाळाशिवाय हजारो टन मीठ पिकतं तिथे हे शिकवणं योग्य नाही. म्हणून दिवा काढून टाकू आणि ऊन घेऊ.

प्रमाण असं ठेवावं : एक सपाट चमचा मीठ, म्हणजे सुमारे 5 ग्रॅम, 50 मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं. हे समुद्राच्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट खारट होतं, त्यामुळे शेवटी ताटलीत मीठ ठसठशीत दिसतं. असे चार भाग करायचे. एक भाग 20 सेंटिमीटर रुंद सपाट स्टीलच्या ताटलीत, उन्हात आणि वाऱ्याच्या तोंडी. दुसरा तशाच ताटलीत, उन्हात पण भिंतीच्या आडोशाला. तिसरा तशाच ताटलीत, वर्गात सावलीला. चौथा स्टीलच्या पेल्यात, पहिल्या ताटलीच्या शेजारी.

या ताटलीत 50 मिलिलिटर पाणी ओतलं की थर जेमतेम दीड मिलिमीटरचा होतो. साडेसहा सेंटिमीटर रुंदीच्या पेल्यात तेच पाणी दीड सेंटिमीटर उभं राहतं. हवेला उघडा पडलेला पृष्ठभाग ताटलीत जवळजवळ दहापट. चांगल्या उन्हाच्या, वाऱ्याच्या दिवशी पहिली ताटली साधारण अडीच ते चार तासांत सुकते, तेव्हा पेल्यात पाणी उतरल्याची खूण कशीबशी दिसते. नेमका वेळ गावागावात बदलतो, म्हणून शिक्षिकेने आदल्या आठवड्यात स्वतः एकदा करून वेळ लिहून ठेवावा, ही सूचना टाचणात ठळकपणे घालावी.

यातून तासाची रचना बदलते. मूळ टाचण 40 मिनिटांच्या एका तासाचं होतं. तमिळ टाचणाला एकाच दिवशी दोन छोटे भाग लागतात. सकाळी दहाच्या सुमारास पंधरा मिनिटं ताटल्या मांडायला आणि अंदाज लिहायला, आणि शेवटचा तास पाहायला व बोलायला. मध्ये एक अडचण आहे, ती कागदावर दिसत नाही. सरकारी शाळेत ताटल्या असतात त्या दुपारच्या जेवणाच्या, आणि जेवण नेमकं या दोन भागांच्या मध्ये येतं. म्हणजे तीन ताटल्या वेगळ्या आणायला हव्यात. अॅल्युमिनियमच्या नकोत, मिठाने त्यांना खड्डे पडतात. मधोमध फुगीर झालेल्या जुन्या ताटल्याही नकोत. त्यात पाणी कडेला सरकतं, उघडा पृष्ठभाग निम्मा होतो आणि मीठ नुसतं कडेने कडं धरतं. ताटली सपाट आहे का हे पाणी ओतल्याबरोबर कळतं.

आणखी एक गोष्ट शिक्षिकेला आधी सांगायला हवी. बराच वेळ काहीच दिसत नाही. 5 ग्रॅम मीठ विरघळून राहायला साधारण 14 मिलिलिटर पाणी पुरतं. म्हणजे 50 पैकी जवळजवळ 36 मिलिलिटर पाणी उडून जाईपर्यंत मिठाचा एक कणही वर येणार नाही. मुलं दुपारी पाहून येतात आणि सांगतात की पाणी कमी झालं पण मीठ नाही. हे उत्तर चुकीचं म्हणून खोडायचं नाही, वहीत वेळेसह लिहून घ्यायचं. कारण मिठागरातही हेच होतं. समुद्राच्या पाण्यातलं सुमारे नऊ-दशांश पाणी उडाल्याखेरीज मीठ बसायला लागत नाही. म्हणून तर तिथे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत नेतात आणि मीठ काढतात ते फक्त शेवटच्या वाफ्यांत.

मिठागराला तमिळमध्ये उप्पळम म्हणतात. गुजरातनंतर मीठ पिकवण्यात तमिळनाडूचा क्रमांक लागतो आणि त्यातलं बहुतेक तूतुकुडी जिल्ह्यात होतं. तिथे समुद्राच्या पाण्याबरोबर जमिनीखालचं खारं पाणीही बोअर मारून वर काढतात, हा आपल्या बहुतेक मिठागरांपेक्षा वेगळा भाग. पाण्याचा दाटपणा बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी तीनच्या आसपास, मीठ बसायला लागतं ते पंचवीसच्या आसपास आणि तीसच्या जवळ पोचलं की उरलेलं कडू पाणी सोडून देतात, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार साचलेले असतात. मुलांना हे आकडे पाठ करायला लावू नयेत. पण शेवटचं पाणी फेकून का देतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पाण्यात विरघळलेले सगळेच पदार्थ मागे राहतात, नुसतं मीठ नव्हे, ही समज त्यातूनच येते. ती नसली तर बाष्पीभवनाने शुद्ध पदार्थच मिळतो असा गैरसमज पुढच्या इयत्तांत जातो.

मिठागराचं उदाहरण घेताना एक काळजी घ्यावी लागते. वर्गातल्या काही मुलांचे आईवडील तिथेच मजुरी करतात. उन्हात, पांढऱ्या मिठावरून उसळणाऱ्या प्रकाशात, खाऱ्या पाण्यात उभं राहून दाताळ्याने मीठ ओढायचं हे काम आहे. डोळे आणि पाय दोन्हींवर त्याचा परिणाम होतो, आणि पावसाच्या महिन्यांत काम बंद, मजुरीही बंद. म्हणून तुझे आईवडील काय करतात, असा प्रश्न टाचणात नसावा. उप्पळममध्ये पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाताना कोणी पाहिलंय, असा असावा. सांगायचं की नाही ते मूल ठरवील. बहुतेकदा अशीच मुलं शिक्षिकेपेक्षा अचूक सांगतात, आणि त्यांनी सांगितलेलं फळ्यावर जावं.

यानंतर गुऱ्हाळ. तमिळनाडूतही उसाचा गूळ होतो, तेव्हा ईरोडकडच्या शाळेत हे उदाहरण तसंच ठेवता येईल. पण तूतुकुडीच्या मुलांच्या ओळखीचा गूळ ताडाचा. त्याला करुप्पट्टी म्हणतात आणि त्याच जिल्ह्यातल्या उडनगुडीची करुप्पट्टी प्रसिद्ध आहे. ताडावर चढून पोयीचा रस मडक्यात गोळा करतात. मडक्याला आतून चुना फासलेला असतो. हा गोड रस म्हणजे पदनीर, त्यात साखर साधारण दहा टक्क्यांच्या पुढे. रुंद कढईत तो आटवतात आणि घट्ट झाला की नारळाच्या करवंट्यांत ओततात. म्हणून करुप्पट्टीचा आकार अर्ध्या नारळासारखा असतो.

इथे या पाठाचा सगळ्यात मोलाचा प्रश्न सापडतो. तो मूळ मराठी टाचणात नाही, या बदलामुळेच निर्माण झाला. एकाच जिल्ह्यात मीठ उन्हात काढतात आणि करुप्पट्टी जाळावर. असं का? मिठाचं पाणी जाळावर का आटवत नाहीत, आणि पदनीर उन्हात का ठेवत नाहीत?

मुलं आधी म्हणतात, तशी पद्धतच आहे. मग हिशेब करायला लावायचा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून 35 ग्रॅम. म्हणजे किलोभर मिठासाठी तीस लिटरहून जास्त पाणी उडवायचं. त्याला लागणारं सरपण मिठाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल. मीठ मात्र कितीही दिवस उन्हात राहिलं तरी बिघडत नाही, तेव्हा फुकटचं ऊन आणि फुकटचा वारा पुरतो. पदनीरचं उलट. चुना नसेल तर काही तासांत तो आंबतो आणि ताडी होते, चुना असला तरी फार थांबता येत नाही. त्याच्या एका लिटरमध्ये शंभर ग्रॅमच्या वर साखर आहे, त्यामुळे सरपण परवडतं. आणि शेवटी जाळ कमी केला नाही तर साखर करपते, मीठ करपत नाही. एवढं बोलून झालं की बाष्पीभवन आणि उकळणं यांतला फरक मुलांच्या वहीत त्यांच्याच शब्दांत उतरतो.

घरातली उदाहरणं चटकन बदलतात. आपल्या पापड-कुरड्यांच्या जागी तांदळाचे वडगम, सुक्या मासळीच्या जागी करुवाडु, जी किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाजारात असते. मोर मिळगाय हे उदाहरण मात्र जरूर घ्यावं. मिरच्या खारट ताकात भिजवून उन्हात वाळवतात, रात्री पुन्हा ताकात टाकतात, असं काही दिवस चालतं. प्रत्येक दिवशी पाणी जातं आणि मीठ मिरचीत साठत जातं. पाणी गेलं आणि मीठ राहिलं याचा पुरावा त्या मुलांनी ताटात खाल्लेला असतो. प्रयोगातलं मीठ मात्र चाखायचं नाही, हे दोन्ही भाषांतल्या टाचणांत सारखंच. शिरोड्याच्या जागी वेदारण्यम येतं. 1930 साली राजाजींच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तिरुचिरापल्लीहून चालत तिथे गेले होते.

आता भाषा. तमिळमध्ये लिहायची भाषा आणि बोलायची भाषा यांतलं अंतर मराठीपेक्षा खूपच जास्त आहे. टाचण सगळं पुस्तकी भाषेत लिहिलं तर शिक्षिका वर्गात उभ्या उभ्या त्याचं बोली तमिळ करत बसते, आणि त्या घाईत प्रश्नाचा रोख बदलू शकतो. यावर सोपी रीत अशी की व्याख्या, सूचना आणि फळ्यावरचं लेखन पुस्तकी भाषेत, आणि मुलांना विचारायचे प्रश्न बोलीत. पाणी कुठे गेलं, हे पुस्तकात ‘नीर एंगे सेन्ऱदु’ असं होईल. वर्गात विचारायचं ते ‘तण्णी एंग पोच्चु’. पारिभाषिक शब्द मात्र राज्याच्या चालू पाठ्यपुस्तकातलेच घ्यायचे : बाष्पीभवनाला आवियादल, द्रावणाला करैसल. शब्दकोशातून दुसरा चांगला वाटणारा शब्द आणला तर परीक्षेत मुलांचा घोटाळा होतो.

आवियादल या शब्दाबाबत एक तयारी हवी. त्यातला आवि म्हणजे वाफ, इडली शिजते तीही आवीवरच. त्यामुळे मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच गरम, पांढरी, दिसणारी वाफ येते, आणि ताटलीवर तशी वाफ दिसत नाही म्हणून पाणी ताटलीत मुरलं किंवा सूर्याने पिऊन टाकलं अशी उत्तरं येतात. आपल्या बाष्पीभवन या शब्दाने ही अडचण येत नाही, म्हणून मूळ टाचणात तिचा बंदोबस्त नाही. सावलीतली तिसरी ताटली त्यासाठीच ठेवली आहे. तिला ऊन नाही, जाळ नाही, तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीही सुकते. स्टीलमध्ये पाणी मुरत नाही हेही तिथेच दाखवता येतं. शिवाय हळू सुकल्यामुळे तिच्यात मिठाचे चौकोनी स्फटिक मोठे येतात, उन्हातल्या ताटलीत बारीक भुकटी येते. भिंग असेल तर मुलं या ताटलीवरून हलत नाहीत.

टाचण जमलं की नाही हे तपासायला उलट भाषांतर करून पाहण्याची रीत आहे. तिने शब्दांच्या चुका सापडतात, पाठाच्या नाही. त्यापेक्षा मूळ मराठी टाचण कधीच न पाहिलेल्या तमिळ शिक्षिकेला ते द्यावं आणि मागच्या बाकावर बसून ऐकावं. ती कुठे थांबते, कोणतं वाक्य दोनदा सांगते, कोणतं उदाहरण गाळून स्वतःचं घालते, तेवढं टिपून घ्यावं. तिने घातलेलं उदाहरण बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं असतं आणि पुढच्या आवृत्तीत तेच जावं.

मुलांना समजलं का, यासाठी शेवटी एकच प्रश्न पुरे. ऐप्पसीतला पाऊस समुद्रावरून येतो आणि समुद्र खारट आहे, मग पाऊस खारट का नाही? ताटलीत काय उरलं हे ज्याला खरोखर कळलं तो याचं उत्तर देतो. ज्याने फक्त व्याख्या पाठ केली तो म्हणतो की ढगात पाणी गाळलं जातं.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. हे टाचण तमिळ भाषेतलं असलं तरी ते सगळ्या तमिळ वर्गांचं नाही. निलगिरीच्या थंड, धुक्याच्या हवेत वेळेचे आकडे पुन्हा काढावे लागतील. मुंबई महापालिका तमिळ माध्यमाच्या शाळाही चालवते. तिथल्या मुलांची भाषा तमिळ, पण पाऊस जूनमधला आणि मिठागरं भांडुपची. त्यांच्यासाठी शब्द तूतुकुडीच्या टाचणातले घ्यावेत आणि वेळापत्रक मूळ मराठी टाचणातलं.

मराठीत टाचणं लिहिणाऱ्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. प्रयोगाच्या वर तो कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात केला आणि किती वेळ लागला ते लिहा, आणि प्रत्येक उदाहरणापुढे ते कशासाठी घेतलं ते एका ओळीत लिहा. दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याला तुमचं उदाहरण काढून टाकावं लागेल, पण ती एक ओळ असली तर त्याच कामाचं दुसरं उदाहरण त्याला आपल्या गावात शोधता येईल.